पाच टक्क्यांच्या धक्क्यातून लूपची हद्द

इन्स्ट्रुमेंटेशनच्या नोकरीत पहिल्यांदा ट्यूनिंग हाती आलं ते एका हीट एक्सचेंजरचं. पाणी ७० अंशांवर ठेवायचं, त्यासाठी कंट्रोलरने तापमान बघून वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त करायचा, हाच आमचा लूप. कॉलेजात शिकलेली झिग्लर-निकोल्सची १९४२ची पद्धत मला तोंडपाठ होती. फक्त प्रपोर्शनल ठेवा, म्हणजे तापमान जितकं चुकेल त्या प्रमाणात व्हॉल्व्ह हलेल. तापमान एकसारखं झुलू लागेपर्यंत गेन, म्हणजे त्या हालचालीचा जोर, वाढवत न्या, तो गेन आणि त्या झोक्याचा काळ टिपा, त्यावरून कंट्रोलरचे आकडे ठरवा. शिफ्टच्या ऑपरेटरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, एकसारखं झुलायच्या जरा पुढे गेलं तर?" मला उत्तर सुचलं नाही. त्या हद्दीच्या पलीकडे झोका वाढतच जातो आणि तो किती मोठा होईल हे आपल्या हातात नसतं.

ही अडचण सोडवणारी रिले पद्धत स्वीडनमधल्या लुंडच्या कार्ल ऑस्ट्रम आणि टोरे हेग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. कंट्रोलर बाजूला ठेवून त्याच्या जागी एक साधा स्विच बसवायचा. आमचा व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवर स्थिर होता. तापमान ७०च्या खाली गेलं की ४५, वर गेलं की ३५, बस्स. वाफ वाढवल्यावर तापमानाला ते कळायला वेळ लागतो, म्हणून स्विच नेहमी उशिरा पलटतो, आणि त्या उशिरातूनच झोका आपोआप सुरू होतो.

मग तो वाढत का नाही? स्विचचा धक्का ठरलेला आहे, ५ टक्के. झोका मोठा झाला तरी धक्का तेवढाच राहतो, म्हणजे झोक्याच्या मानाने स्विचचा गेन घटतो. झोका लहान झाला की तोच गेन वाढतो. या ओढाताणीत झोका बरोबर तिथे थांबतो, जिथे स्विचचा गेन लूपच्या हद्दीच्या गेनइतका होतो. हाताने गेन वाढवत जी हद्द चाचपडत शोधायची, ती लूप स्वतःच शोधून देतो. d हा धक्का आणि a हा झोक्याचा मध्यापासून वरचा भाग धरला, तर हद्दीचा गेन Ku असा येतो:

```
Ku = 4d / (πa)
```

Pu म्हणजे एका पूर्ण झोक्याचा काळ, तो ट्रेंडवर थेट मोजायचा. सुरुवातीचे दोन-तीन झोके सोडून द्यायचे. सिग्नलमध्ये खरखर असेल तर स्विच उगाच फडफडतो, म्हणून त्याला खरखरीपेक्षा जरा मोठा हिस्टेरेसिस द्यायचा, म्हणजे तेवढा फरक पडल्याशिवाय तो पलटत नाही.

आमच्या ट्रेंडवर तळापासून माथ्यापर्यंत २.४ अंश आणि काळ ८० सेकंद आला. मी a म्हणून १.२ घातलं, Ku ५.३ आला, त्यावरून आकडे भरले. दुसऱ्या दिवशी तोच ऑपरेटर म्हणाला, "हा तर झोपलाय!" चूक एककाची होती. धक्का टक्क्यांत होता, झोका अंशांत. ट्रान्समीटरची रेंज ० ते २०० अंश, म्हणजे १.२ अंश हे ०.६ टक्केच. खरं उत्तर १०.६, दुप्पट! हा घोटाळा अनेकजण करतात. कंट्रोलरने स्वतः ऑटोट्यून केलं तर तो टळतो, हाताने गणित केलं तर हमखास होतो.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा कळली: आकड्याआधी लाटेचा आकार बघा. सूत्र गृहीत धरतं की तापमानाची लाट गुळगुळीत साइनसारखी आहे. आमची लाट जवळजवळ त्रिकोणी होती, कारण एक्सचेंजर हळू तापतो आणि डेड टाइम, म्हणजे व्हॉल्व्ह हलल्यापासून तापमान हलू लागेपर्यंतचा वेळ, त्यामानाने थोडा. त्रिकोणातली मूळ साइन लाट माथ्याच्या सुमारे ८१ टक्केच असते, म्हणजे खरा Ku १३च्या आसपास. चूक झाली, पण सुरक्षित बाजूला. उलट लांब पाइपमुळे डेड टाइमच भारी असेल, तर लाट चौकोनी दिसते आणि सूत्र खऱ्यापेक्षा पाव पटीने जास्त Ku देतं. चौकोनी लाट दिसली की मी आकडा आधीच खाली ओढतो.

वरचा आणि खालचा अर्धा झोका सारख्या वेळेचा नसेल, तर ४०चा मध्य चुकलेला असतो किंवा मधेच लोड बदललेला असतो. मध्य सरकवून पुन्हा घ्यायचं.

शेवटी आम्ही झिग्लर-निकोल्सचे पीआय आकडे (०.४५ Ku, म्हणजे ४.८, आणि इंटिग्रल ६७ सेकंद) न भरता टायरियस-ल्यूबेनचे घेतले: गेन ३.३, इंटिग्रल १७६ सेकंद. ते अधिक शांत चालतात. चाचणी मात्र आता मी पाण्याचा प्रवाह कमी असतानाच घेतो. प्रवाह घटला की एक्सचेंजरचा गेन आणि डेड टाइम दोन्ही वाढतात, आणि भर प्रवाहावर जुळवलेले आकडे रात्रपाळीच्या कमी प्रवाहात झुलायला लागतात. कमी प्रवाहावर जुळवलेला लूप दिवसा थोडा सुस्त वाटतो, तेवढं ऑपरेटर चालवून घेतो.