बैठकीत डोकं तापलं की आधी भावनेचं नाव शोधा, मग उत्तर द्या

गिरणेच्या जामदा कालव्यावर रब्बीची आवर्तनं सुरू झाली की आमच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकांना धार चढते. चारीच्या वरच्या अंगाची शेतं भिजतात आणि टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा गहू पाण्याची वाट बघत राहतो. मी संस्थेचा सचिव, त्यामुळे पहिला जाब मला विचारला जातो. तीन वर्षांपूर्वी अशाच बैठकीत मी टेलच्या एका शेतकऱ्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "आधी थकलेली पाणीपट्टी भरा, मग बोला." ते उठून गेले, त्यांच्यामागे सहा-सात जण गेले आणि त्या हंगामात टेलकडून एक रुपयाही जमा झाला नाही. तेव्हापासून मी एक गोष्ट शिकत आलोय: तोंड उघडण्याआधी आत काय चाललंय ते एका शब्दात ओळखायचं.

याला शास्त्राचा आधार आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग कमी चेतला आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग जास्त कामाला लागला. त्याच चेहऱ्यांना नुसतं बाईचं की पुरुषाचं नाव जोडायला दिलं, तेव्हा तसा फरक दिसला नाही. प्रयोगशाळेतली चित्रं म्हणजे भरलेली बैठक नव्हे, हे मान्य. पण घंटेचा आवाज थोडा उतरला, तर समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येतं, आणि बैठकीत तेवढंच हवं असतं.

आधी अंगाकडे लक्ष द्या

शब्द सापडण्याआधी अंग सांगतं. माझे कान गरम होतात आणि पेन कागदात रुततं. कुणाचा घसा कोरडा पडतो, कुणाचा पाय हलायला लागतो, कुणी समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडतो. तुमची खूण कोणती, हे घरच्यांना विचारा. त्यांना ती तुमच्याआधी माहीत असते. ती खूण दिसली की उत्तर थांबवायचं.

थांबायला निमित्त लागतं, नाहीतर शांतता बघून लोक म्हणतात, "बघा, याच्याकडे उत्तर नाही." मी आरोप जसाच्या तसा प्रोसिडिंग बुकात लिहून घेतो आणि वाचून दाखवतो: "बरोबर लिहिलं ना, आप्पा?" त्यात पंधरा-वीस सेकंद जातात. बोलणाऱ्यालाही आपलं म्हणणं नोंदलं गेल्याचं समाधान मिळतं. तुमच्या हातात वही नसेल, तर त्यांचा प्रश्न आपल्या शब्दांत परत विचारा.

मग नाव द्या, आणि पहिल्या नावावर थांबू नका

नाव मनातल्या मनात द्यायचं, आणि ते भावनेचंच असलं पाहिजे. "मला वाटतं हा खोटं बोलतोय" यात भावना कुठेच नाही, तो समोरच्यावरचा निकाल आहे. "मला डावललं जातंय" हाही निकालच. भावना साधारण एका शब्दात मावते: राग, भीती, लाज, अपमान, हेवा, थकवा, काळजी. आमच्याकडे मला हा शब्द अहिराणीतच लवकर सुचतो. "मले राग उना" असं मनात म्हटलं की ते पुस्तकातलं वाटत नाही, आपलं वाटतं.

बैठकीत पहिलं नाव बहुतेक वेळा राग असतं. तो खरा असतो, पण अनेकदा तो दुसऱ्या कशावर तरी पांघरूण घालून बसलेला असतो. म्हणून स्वतःला आणखी एकच प्रश्न विचारा: राग आहे, आणि त्याच्याखाली? दुसरं नाव सापडलं की उत्तरही बदलतं, आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल तिथेच आहे.

गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या आवर्तनानंतरची बैठक सांगतो. टेलचे आप्पा उभे राहिले: "तुम्ही वरल्यांचे झाले. आमची पाळी अठरा तासांची, आणि मध्यरात्रीच पाणी आटलं." माझे कान तापले. मी वाक्य लिहून घेतलं. मनात पहिला शब्द आला, राग. रागाचं उत्तर तयारच होतं: रात्रभर फोन मी घेतले, नोंदी मी ठेवल्या, आणि पक्षपाती म्हणे मीच! मग खाली पाहिलं, तर तिथे लाज होती. त्या रात्री मी टेलला गेलोच नव्हतो. पाटकऱ्याने फोनवर "पाणी पोचलं" म्हटलं आणि मी झोपलो.

आता उत्तर निवडा

लाजेने वेगळं उत्तर दिलं. मी म्हणालो, "आप्पा, त्या रात्री मी टेलला यायला हवं होतं. आलो नाही, ते चुकलं. पाणी किती वाजता आटलं ते सांगा, आपण नोंदवही उघडू." ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. नोंदवहीत अठराऐवजी चौदा तास निघाले. वरच्या एका दाराची फळी रात्री परत उचलली गेली होती. पुढचं आवर्तन टेलपासून सुरू करायचं आणि रात्री टेलचा एक माणूस पाटकऱ्यासोबत फिरेल, असं ठरलं. कुणीही उठून गेलं नाही.

दुसरं नाव भीतीचं निघालं, तर माहिती किंवा वेळ मागा. अपमानाचं निघालं, तर मुद्दा आणि भाषा वेगळी करा: "पाण्याचं बोलू, पण घरच्यांचा उल्लेख नको." नुसता थकवा असेल, तर निर्णय दुसऱ्या दिवसावर टाका.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्याच्या भावनेला नाव देणं. "आप्पा, तुम्ही रागावलात" म्हणून बघा, राग दुप्पट होतो. भरल्या बैठकीत ते डिवचल्यासारखं लागतं. आपली भावनाही दरवेळी मोठ्याने सांगायची नसते; आपली चूक कबूल करताना किंवा वेळ मागताना सांगावी, एरवी ती आतच राहू द्यावी.

दुसरं, नावाला घट्ट धरू नका. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं, की भावनेला आधी नाव दिल्यावर त्याच प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघणं लोकांना जड गेलं. म्हणून मी "मी रागीटच आहे" असं म्हणत नाही, "आत्ता राग आलाय" म्हणतो, आणि एक-दोन श्वासांत पुढच्या प्रश्नाकडे वळतो. नाव शोधताना त्यामागची कारणं आणि जुनी भांडणं आठवू लागली, तर तुम्ही नाव देत नाही आहात, निखाऱ्यावर फुंकर घालताय.

आणि शब्दच सुचत नसेल, आवाज कापत असेल, तर ही पद्धत त्या क्षणी चालत नाही. चहा सांगा आणि बाहेर जाऊन या. कुणी धमकी देत असेल किंवा अंगावर येत असेल, तर बैठक तहकूब करा. तिथे भावनेचं नाव शोधत बसायचं नाही.

बैठक संपली की मी खिशातल्या डायरीत तारीख आणि दोन शब्द लिहितो. जानेवारीच्या पानावर "राग, खाली लाज" असं आहे. मार्चमध्ये पाणीपट्टीच्या वसुलीवरून तापलो तेव्हा "राग, खाली भीती". पुढच्या बैठकीला निघण्याआधी ती पानं चाळतो, आणि टेलची नोंदवही पिशवीत सगळ्यात वर ठेवतो.