सेफ्टीच्या पीपीटीवरून टीबीटीचा कागद बनवताना या चुका टाळा

सेफ्टीची पीपीटी तीस-चाळीस स्लाइडची, आणि सकाळी आठला शिफ्ट सुरू होताना कामाआधी सेफ्टीबद्दल बोलायच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे टीबीटीला, हातात जेमतेम पाच मिनिटं. मग त्यातल्या चार स्लाइडचे मुद्दे कॉपी करून वर्डमध्ये चिकटवले जातात आणि तो कागद सुपरवायझरच्या हातात जातो. तो वाचतो, सगळे माना डोलावतात, रजिस्टरवर सह्या होतात. तासाभराने वर जाऊन पाहावं तर सेफ्टी बेल्टचा हुक पायाजवळच्या सळईलाच.

उंचीवरच्या कामाची स्लाइड घेऊ. तिच्यावर साधारण हे असतं: ‘फुल बॉडी हार्नेस अनिवार्य. १०० टक्के टाय-ऑफ. योग्य अँकर पॉइंट वापरावा. फॉल क्लिअरन्स तपासावा.’ पडद्यावर हे चालतं, कारण समजावणारा माणूस शेजारी उभा असतो. कागदावरून वाचताना मात्र ‘योग्य’ म्हणजे कोणता आणि ‘तपासावा’ ते कोणी, हे कुणालाच कळत नाही. सुपरवायझरलाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक क्लिअरन्सची, म्हणजे पडणाऱ्या माणसाखाली मोकळी जागा किती हवी त्याची. समजा, बाहेरच्या कडेला शटरिंगच्या प्लेटा काढायच्या आहेत आणि ३ मीटर खाली परांचीच्या फळ्या आहेत. हुक पायाशी लावला, तर बेल्टची पाठीवरची कडी हुकापासून साधारण दीड मीटर वर असते आणि दोरी १.८ मीटरची. म्हणजे दोरी ताणली जायलाच माणूस ३.३ मीटर पडावा लागतो. त्याआधीच तो फळीवर आपटतो. बेल्ट अंगात असून उपयोग शून्य.

हा हिशोब कामगारांना वाचून दाखवायचा नसतो, त्याचं उत्तर सांगायचं असतं. हुक डोक्यावर ताणून बांधलेल्या लाइफलाइनला लावला की पडण्याचं अंतर बरंच कमी होतं. तरी दोरीचा झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडून लांबतो, लाइनही थोडी झोल खाते. म्हणून ३ मीटर पुरतात की दोरीऐवजी आपोआप गुंडाळला जाणारा फॉल अरेस्टर हवा, हे इंजिनीअर आणि सेफ्टी ऑफिसरने आदल्या दिवशीच ठरवायचं. लाइन पुरेशी ठरली असेल, तर कागद असा होतो:

‘आज ____ मजल्यावर, ____ बाजूच्या कडेला प्लेटा काढायच्या आहेत. एक मजला खाली परांची आहे. हुक पायाजवळ लावला, तर दोरी ताणायच्या आत माणूस परांचीवर आपटेल. म्हणून हुक या लाइनलाच लावा. [थांबा. हाताने लाइन दाखवा.] सळईला नाही, परांचीच्या पाइपला नाही. पुढे सरकताना आधी दुसरा हुक लावा, मगच पहिला सोडा. [दोन हुकांचा बेल्ट घालून दाखवा.] लाइन ढिली दिसली तर काम थांबवा आणि मला हाक मारा.’

कागदात ‘हार्नेस’ नाही, ‘बेल्ट’ आहे, कारण साईटवर सगळे तेच म्हणतात. हेल्मेट, बूट, आग, विजेच्या केबल यातलं काही नाही. ते घुसडलं की लाइनची गोष्ट पाचव्या मुद्द्यात हरवते. केबलचा धोका खरा असेल, तर त्याचा कागद उद्या. मुंबईत बऱ्याच गँग हिंदी बोलणाऱ्या असतात, तेव्हा कागदही त्याच बोलीतल्या हिंदीत हवा. मराठी कागदावरून सुपरवायझरने उभ्या उभ्या भाषांतर केलं, की ‘आधी’ आणि ‘मग’ची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

लांबीचा अंदाज बहुधा चुकतो. केबिनमध्ये मनातल्या मनात वाचलेला कागद आणि हॉइस्ट, पंप चालू असताना मोठ्याने वाचलेला कागद, यांत खूप फरक पडतो. मिनिटाला शंभरेक शब्द धरा आणि पाचपैकी दोन मिनिटं दाखवण्यासाठी सोडा. मग उरतात तीनशे शब्द, तेही कमाल. एकदा सुपरवायझरकडून तिथेच वाचून घ्या. तो जिथे अडखळतो, ते वाक्य दोन तुकड्यांत तोडा. अक्षर १६ पॉइंटचं, कागद एका बाजूने छापलेला. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

रिकाम्या जागा वाचण्याआधी पेनने भरलेल्या हव्यात. कालचाच मजला वाचला गेला, तर ऐकणाऱ्याच्या लेखी तो कागद संपला. आणि ज्या मजल्यावर लाइन बांधलेलीच नाही, तिथे हा कागद वाचूच नका. आधी लाइन.

शेवटी ‘समजलं का?’ असं लिहू नका. त्याला उत्तर एकच येतं, ‘हो’. त्याऐवजी लिहा: ‘दोघांना पुढे बोलवा. हुक कुठे लावणार, बोटाने दाखवायला सांगा.’ एकाने जरी सळईकडे बोट दाखवलं, तर कागद पुन्हा वाचू नका. गँगला कडेपासून आत, सुरक्षित जागी थांबवा, तिथूनच लाइन दाखवा, प्रत्येकाकडून एकदा बोट दाखवून घ्या आणि मगच काम सुरू करू द्या.