‘kk’ म्हणजे ओके की काका? मेसेजवरून मजकूर घेताना या चुका टाळा

आमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकेचा निम्मा मजकूर हल्ली व्हॉट्सॲपवर येतो, आणि दुरुस्त्या तर सगळ्याच. मागच्या सीझनला नवीन आलेल्या मुलाने एक मेसेज माझ्यासमोर धरला:

`gm. nimantrak madhe kk vr plz`

“दादा, हे चुकून दाबलं गेलंय वाटतं. सोडून देऊ?”

चुकून काही नव्हतं. मेसेज सकाळचा, म्हणून सुरुवातीचं gm म्हणजे गुड मॉर्निंग. हेच gm किराणावाल्याला आलेल्या यादीत 250 च्या पुढे असतं, तेव्हा ते ग्रॅम. plz म्हणजे प्लीज, तिथे वाद नाही. vr म्हणजे वर. अडलं ते kk वर. मुलाला मी एवढंच सांगितलं, की उगीच खाली वाचू नकोस, वर सरकव. आदल्या रात्री आपणच विचारलं होतं, “निमंत्रकांत पहिलं नाव कुणाचं?” प्रश्न ‘कुणाचं’ असा आहे, मग उत्तर ‘ओके ओके’ कसं येईल? ते काका. रोमन लिपीत मराठी लिहिणारे स्वर गाळतात. Mg म्हणजे मग, ky म्हणजे काय, तसं kk म्हणजे काका. “काकांचं नाव खाली घेऊ का?” असं विचारलं असतं आणि उत्तरात नुसतं kk आलं असतं, तर तो होकार ठरला असता. एकटं kk पाहून अर्थ ठरवणं ही सगळ्यात महाग चूक, कारण पत्रिका छापून झाल्यावर काका स्वतः दुकानात येतात.

गंमत म्हणजे त्याच पत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ या मुलाला मुळीच खटकलं नव्हतं. जुन्या पत्रातलं ‘सा. न. वि. वि.’ किंवा ‘ता. क.’ न शिकलेल्याला दाखवा, तोही गोंधळेल. लघुरूप वाचता येतं ते सवयीने, पण ओळखता येतं खुणांवरून: ते ठरलेल्या जागी येतं, तोच माणूस ते पुन्हा तसंच लिहितो, आणि आजूबाजूची वाक्यं लागत असतात. खिशात फोन दाबला गेला तर `ghjkkl` असं काहीतरी येतं. त्यातही kk आहे, पण g, h, j, k, l ही कीबोर्डवर एका ओळीत शेजारी बसलेली अक्षरं आहेत. असला मेसेज खुशाल सोडून द्या.

उलटी चूकही होते. कचरा समजून खरा मजकूर पुसला जातो. एका गिऱ्हाइकाने जुन्या फाइलमधून कॉपी करून `fuea=.k` पाठवलं. तो ‘निमंत्रण’ हा शब्द होता, कृतिदेवमध्ये टाइप केलेला. त्या फॉन्टमध्ये f दाबलं की ऱ्हस्व वेलांटी, u दाबलं की न, e म्हणजे म. फोनवर तो फॉन्ट नसल्याने नुसत्या कळा दिसतात. यात अर्धविरामासारखी चिन्हं शब्दाच्या पोटात येतात आणि अख्खा परिच्छेद तसाच असतो. लघुरूप कधी अख्खा परिच्छेद व्यापत नाही. तो मजकूर वर्डमध्ये चिकटवून कृतिदेव फॉन्ट लावला, की मराठी दिसायला लागतं. श्रीलिपीच्या मजकुराला मात्र कृतिदेव लावून उपयोग नाही, त्याची कळांची मांडणी वेगळी. कन्व्हर्टरने युनिकोड केलंत, तर ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं एकदा मूळ पीडीएफशी ताडून पाहा. नेमकी तीच जागा सोडतात. आणि मजकुराच्या जागी सगळीकडे `????` आलं असेल तर फॉन्ट बदलत बसू नका. मूळ अक्षरं पुसली गेली आहेत, परत मागवा.

तिसरा प्रकार या दोघांच्या मधला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एकाने नुसतं `दक` पाठवलं. मुलगा ‘दक्षिणा’, ‘दक्ष’ असे तर्क लढवत बसला. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर o च्या कळीवर द आणि k च्या कळीवर क असतो. माणसाने ok टाइप केलं, भाषा बदलायची राहिली. याच चुकीने gm चं `ुस` होतं. मराठी शब्द उकाराच्या मात्रेने सुरू होत नाही, तेव्हा असं दिसलं की आधी कीबोर्डकडे बघायचं.

एवढं करूनही एखादं kk लागत नाही. मग फोन करा, नाहीतर दोन पर्याय लिहून विचारा: “काकांचं नाव वर घेऊ, की आहे तसंच राहू दे?” नुसतं “kk?” विचारू नका. आमच्या मुलाने तेच केलं होतं. दोन मिनिटांत उत्तर आलं: `kk`.