स्पोकन इंग्लिश कोर्सच्या पानाचं शीर्षक आणि वर्णन: या चुका टाळा

नोकरी करणाऱ्यांसाठी स्पोकन इंग्लिशचा ऑनलाइन कोर्स काढणारे लोक शिकवण्यात बहुतेक वेळा चांगले असतात. त्यांच्या पानाचं शीर्षक मात्र हमखास एकाच साच्यातून पडतं: ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’. हे चार शब्द वाचले की मी ताडतो, खाली फी अर्धी करून दाखवलेली असणार आणि ‘शेवटच्या ३ जागा’ गणपतीपासून दिवाळीपर्यंत तीनच राहिलेल्या असणार. (जागांचं हे नाटक आता कायद्याच्या नजरेतही आलंय. ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयी, म्हणजे डार्क पॅटर्नविषयी, केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवणं स्पष्ट नोंदवलेलं आहे.)

तर आधी ते ‘३० दिवस’. पुण्याच्या एका क्लासचालकांचा फोन आला होता. फॉर्म भरपूर भरले जातात, पण दुसऱ्या आठवड्यापासून निम्मी बॅच गायब होते आणि काही जण पैसे परत मागतात, ही तक्रार. त्यांना शीर्षक ‘अजून जोरदार’ करून हवं होतं. मी विचारलं, एका बॅचमध्ये किती जण? म्हणाले, पंचवीस. रोज तास किती? एक. त्यात तुम्ही स्वतः किती बोलता? ‘वीसेक मिनिटं तरी जातातच.’

मग फोनवरच हिशेब मांडला. उरली ४० मिनिटं, माणसं २५. एकाच्या वाट्याला दीड मिनिटाच्या जरा वर. असे ३० तास धरले तर अख्ख्या कोर्समध्ये एक माणूस इंग्रजी बोलणार ४८ मिनिटं. पूर्ण तासभरही नाही! चाकणच्या कारखान्यातला सुपरवायझर शिफ्ट संपवून, डोळे ताणून बसतो, त्याची पाळी दीड मिनिट येते, आणि शीर्षकाने त्याला फाडफाड बोलण्याचं वचन दिलेलं असतं. तो दुसऱ्या आठवड्यात गेला तर बिघडलं कुठे? शीर्षक अजून जोरदार केलं असतं तर तो अजून लवकर गेला असता.

‘पण सर, सगळेच ३० दिवस लिहितात.’ हो, लिहितात. म्हणूनच शोधाच्या यादीत दहा पानं ओळीने सारखी दिसतात आणि माणूस त्यातलं सगळ्यात स्वस्त उघडतो.

माझी सवय अशी की शीर्षक लिहायच्या आधी हा बोलण्याच्या मिनिटांचा हिशेब कागदावर मागतो. या गृहस्थांनी कुरकुरत का होईना, बॅच सहा जणांची केली, आठवड्यातून तीन तास आणि मुदत १२ आठवडे. म्हणजे ३६ तास, प्रत्येकी किमान सहा मिनिटं, एकूण साडेतीन तासांहून जास्त बोलणं. आता सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं. मग पानाच्या माथ्यावर हे गेलं:

```html
<title>नोकरदारांसाठी स्पोकन इंग्लिश: मीटिंग आणि क्लायंट कॉल</title>
<meta name="description" content="६ जणांची बॅच, रात्री ९ ते १०, आठवड्यातून ३ दिवस. दर तासाला प्रत्येकजण किमान ६ मिनिटं बोलतो. समजावणं मराठीत, सराव इंग्रजीत. १२ आठवडे.">
```

शीर्षकात कोणासाठी आणि कुठल्या प्रसंगासाठी, एवढंच. वेळ, बॅच, भाषा, मुदत हे वर्णनात. नोकरदार माणूस सगळ्यात आधी वेळ बघतो. त्याची संध्याकाळ लोकलमध्ये किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गेलेली असते. ‘तुमच्या सोयीच्या वेळी’ असं लिहिलेलं त्याला पटत नाही, ‘रात्री ९’ पटतं. फिरत्या शिफ्टवाल्यांना नऊची बॅच जमणार नाही, हेही वर्णनावरूनच कळतं आणि ते बरंच आहे. न जमणारा माणूस फी भरून भांडण्यापेक्षा आधीच पुढे गेलेला चांगला.

दुसरी चूक माझ्या खास रागाची: वाचणाऱ्याला शीर्षकातच खजील करणं. ‘इंग्रजी बोलताना घाबरता?’, ‘इंग्रजीमुळे प्रमोशन अडलंय?’ लिहिणाऱ्याला वाटतं, दुखरी नस पकडली. पण शीर्षक फक्त शोधाच्या यादीत दिसत नाही. ते ब्राउझरच्या टॅबवर दिसतं, हिस्टरीत राहतं आणि कोणी लिंक पाठवली की व्हॉट्सॲपच्या चौकटीत ठळक अक्षरांत येतं. एका शिकणाऱ्या बाईंनी सांगितलेला प्रसंग: ऑफिसच्या लॅपटॉपवर पान उघडं राहिलं, टीम मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली आणि टॅबवर सगळ्यांना दिसलं, ‘इंग्रजी बोलताना घाब…’. पुढे आठवडाभर चेष्टा. त्यांनी कोर्स घेतला नाहीच, आणि कोणाला सुचवण्याचा तर प्रश्नच नव्हता. असे कोर्स बहुतेक तोंडी शिफारशीवर चालतात. जी लिंक माणूस सहकाऱ्याला पाठवायला कचरतो, तिच्यावर जाहिरातीचा खर्च करत राहावं लागतं. शीर्षक लिहून झालं की मी ते टॅबच्या रुंदीएवढं, म्हणजे पहिले दोन-तीन शब्द, तोडून वाचतो. ‘नोकरदारांसाठी स्पोकन…’ कोणालाही दिसलं तरी चालतं.

शीर्षकाची सुरुवात ‘मुख्यपृष्ठ’ने किंवा संस्थेच्या लांबलचक नावाने करू नका. नाव शेवटी.

सगळ्या पानांना एकच वर्णन चिकटवू नका. मुलाखतीच्या बॅचचं पान वेगळं, मीटिंगच्या बॅचचं वेगळं.

‘कीवर्ड’ नावाच्या मेटा टॅगमध्ये पन्नास शब्द कोंबणारे अजूनही भेटतात. गूगल तो टॅग विचारात घेत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. तो वेळ वर्णनाला द्या.

आता लांबी. साठ अक्षरांचं शीर्षक, दीडशेचं वर्णन हे आकडे सगळीकडे फिरतात आणि नवशिके ते पाळण्यासाठी वाक्याचे हातपाय तोडतात. मुळात गूगलने अक्षरांची मर्यादा ठरवलेलीच नाही, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो. त्यात देवनागरीची गंमत अशी की ‘स्पोकन इंग्लिश’ डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात, पण शीटमध्ये `LEN` लावून बघा, उत्तर १४ येतं. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि मधली मोकळी जागाही धरली जाते. त्यामुळे अक्षरं मोजणारं साधन लाल दिवा दाखवतं म्हणून घाबरू नका. मी मोजत बसत नाही. कामाचं ते पुढे ठेवतो आणि आपल्याच साध्या अँड्रॉइड फोनवर शोधून बघतो.

‘आम्ही वर्णन लिहिलं, पण गूगल भलतंच दाखवतं’ ही तक्रार नेहमीची. माणसाने जे शोधलं त्याला पानावरचा एखादा उतारा जास्त जुळतो असं वाटलं की गूगल तोच उचलतं. तुमच्या पानाचा पहिला परिच्छेद ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ने सुरू होत असेल, तर यादीतही तेच झळकू शकतं. वेळ, बॅच आणि मुदत त्या पहिल्या परिच्छेदातही साध्या वाक्यांत लिहा. मग गूगलने काहीही उचललं तरी फार नुकसान होत नाही. पानावर दिसणारा मोठा मथळा आणि शीर्षक एकच गोष्ट सांगतात ना, तेही बघा. त्यांचं जमत नसेल तर गूगल शीर्षकही बदलून दाखवतं.

आणि बदल केल्यावर तासाभरात ‘अजून जुनंच दिसतंय’ म्हणून फोन करू नका. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून `Request Indexing` दाबा आणि थोडे दिवस थांबा. व्हॉट्सॲपवर जुनी चौकट येत असेल तर आधी पानात त्या चौकटीचा मजकूर ठरवणारे `og:title` आणि `og:description` हे टॅग बदललेत का ते बघा. शीर्षक बदललं आणि हे दोन विसरले, असं दर दुसऱ्या पानावर सापडतं. ते बरोबर असूनही जुनंच येत असेल तर लिंकच्या शेवटी `?v=2` जोडून स्वतःलाच पाठवून पाहा. नवी चौकट आली, तर पान ठीक आहे आणि जुनी आठवण व्हॉट्सॲपची आहे. तोवर ग्रुपवर हीच जोडलेली लिंक टाका.