जुन्या टंकलिखिताच्या दुरुस्त्यांचा मेल पाठवण्याआधी

जुनं टाइप केलेलं मॅटर संगणकावर नव्याने सेट करून ग्राहकाला परत देताना काय बदललं ते कळवणारा मेल दहा-बारा ओळींचाच असतो, पण त्याआधी टेबलावर काय तयार हवं ते लिहून ठेवते. सगळ्यात आधी जुनं पान–नवं पान तक्ता, म्हणजे जुन्या कुठल्या पानावरचं आता कुठल्या पानावर आलं त्याची यादी. मागच्या कामात माझ्याकडून नेमका हाच राहिला आणि अनुक्रमणिका जुन्या आकड्यांसकट छापायला गेली. बाकीचं सवडीने वाचा, हे आत्ता वाचा.

मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यावर अधिक बोलायला नको.

समजा, सातारा भागातल्या गावांच्या इतिहासाचं मॅटर आहे. फुलस्केपवर टाइप केलेली ११२ पानं, ती ए-फोरवर आणायची. ए-फोरचा कागद फुलस्केपपेक्षा आखूड, म्हणून पानं वाढतील असं ग्राहक धरून चालतो. पण टाइपरायटरवर दोन ओळींत मोकळी जागा सोडलेली असते. ती कमी केली की पानं उलट घटतात. इथे ९६ झाली. हे कारण मेलमध्ये एका वाक्यात द्या, नाहीतर “माझी सोळा पानं कुठं गेली?” म्हणून फोन येतो.

ओसीआरने काढलेल्या मॅटरमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो. तो काढण्याआधी ओळीअखेरची संयोगचिन्हं तपासा. वर्डच्या शोध खिडकीत `-^p` टाकलं की ती एकेक करून सापडतात. सगळी एकदम बदलू नका. “महा-” आणि खाली “राष्ट्र” हा तुटलेला शब्द आहे, तो जोडायचा. “आई-” आणि खाली “वडील” यातलं चिन्ह लेखकाचं आहे, ते ठेवायचं. मशीनला हा फरक कळत नाही. किती शब्द जोडले तो आकडा लिहून ठेवा, मेलमध्ये लागतो.

अधोरेखित मथळे ठळक केले असतील तर तसं कळवा. मजकुरातलं अधोरेखन मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

आता पुन्हा तक्ता. चौथं प्रकरण जुन्या पान ३८ वर सुरू होत होतं, आता ३३ वर होतं. “पृ. ४७ वरील वंशावळ पाहा” असं लेखकाने लिहिलंय आणि ती वंशावळ आता ४१ वर आहे. असे संदर्भ शोधताना ‘पृ.’, ‘पान’, ‘पृष्ठ’ हे तिन्ही शब्द वेगवेगळे शोधा, आणि आकडे देवनागरीत टाका. इंग्रजी आकड्याने शोधलं तर ‘४७’ सापडेलच असं नाही. आणि हे नीट ऐका : त्याच शोधात दुसऱ्या पुस्तकांचे पान क्रमांकही सापडतात. सातारा गॅझेटियरच्या १८८५ च्या खंडातलं पान लेखकाने दिलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो आकडा त्या पुस्तकाचा आहे, आपल्या फाईलचा नाही. एकदा चुकून बदलला तर नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाचताना तो बरोबरच दिसतो. म्हणून सगळे बदल हातानेच करा आणि बदललेला प्रत्येक आकडा पिवळा करून ठेवा.

तक्ता सगळ्यात शेवटी करा. मध्येच केला आणि नंतर एखादा परिच्छेद सरकला की पुढचे आकडे चुकतात. ग्राहकाच्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तरी वर्डची पानं सरकतात, म्हणून सोबत पीडीएफ हवीच. तक्ता त्या पीडीएफचा आहे, हेही लिहा.

मेल साधारण असा :

“नमस्कार सर, आपल्या मॅटरची ए-फोर सेटिंग पूर्ण झाली. ओळीअखेरचे एंटर काढले, ६४ तुटलेले शब्द जोडले, मथळे ठळक केले. ओळींमधली जागा कमी केल्याने ११२ पानांची ९६ झाली. मजकूर गाळलेला नाही. पान क्रमांक सगळे बदलले आहेत, जुन्या-नव्या पानांचा तक्ता सोबत आहे. तो पीडीएफप्रमाणे आहे. आतले ९ संदर्भ आणि अनुक्रमणिका नव्या आकड्यांनी भरून पिवळी केली आहे. इतर पुस्तकांचे पान क्रमांक तसेच ठेवले आहेत. वंशावळीतली दोन नावं वाचता आली नाहीत, तिथे [?] आहे, तेवढी कळवावीत. आपण मजकुरात भर घातली तर पानं पुन्हा सरकतील, तेव्हा तक्ता नव्याने करून देईन.”

विषयाच्या ओळीत मॅटरचं नाव आणि तारीख. वर्ड, पीडीएफ, तक्ता, तिन्ही जोडा. फाईल जड झाली तर ड्राइव्हची लिंक, परवानगी उघडी ठेवून. पाठवण्याआधी जोडलेला तक्ता उघडा आणि त्यातली तीन पानं पीडीएफशी ताडून बघा. तो जोडलाच नसेल तर मेल पाठवू नका.