कॉरिडॉरमध्ये गेस्ट घसरला: रिपोर्टमधला ‘तरी’ कसा काढायचा

बेळगावातल्या एका लॉजवर रात्रपाळीला असताना मी रजिस्टरमध्ये एक वाक्य लिहिलं होतं: ‘बोर्ड लावला होता तरी मॅडम मोबाईलवरच बोलत आल्या, त्यामुळे पाय घसरून पडल्या.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. बोर्ड होता, मोबाईल होता, पडणंही झालं होतं. पण मालकांनी वाचून विचारलं, ‘हा रिपोर्ट आहे की भांडण?’ तेव्हा लक्षात आलं की दोष ‘निष्काळजी’सारख्या मोठ्या शब्दांत क्वचितच असतो. तो ‘तरी’, ‘च’, ‘मुळे’, ‘म्हणून’ अशा बारक्या शब्दांत लपून बसतो.

आपल्याकडे जुलैत हा प्रसंग नवा नाही. चोर्ला घाटातून भिजत आलेले गेस्ट, निथळत्या छत्र्या, कॉरिडॉरच्या टोकाला नीट न लागणारी खिडकी आणि खाली गुळगुळीत टाइल. असं धरा की दुसऱ्या मजल्यावर 204 समोर एक बाई पडल्या आहेत आणि तुम्ही ड्युटी मॅनेजर आहात.

आधी माणूस, मग कागद. त्यांना ओढून उठवू नका. कुठे दुखतंय, मान आणि पाय हलतात का, चक्कर येतेय का, ते विचारा. डोक्याला मार असेल किंवा उठता येत नसेल तर 108 ला फोन करा. ‘सॉरी, तुम्हाला त्रास झाला’ हे तोंडानं जरूर म्हणा. रिपोर्टात मात्र ना माफी लिहायची, ना सफाई द्यायची.

एकजण त्यांच्याजवळ असताना दुसऱ्यानं पाण्याजवळ उभं राहून येणाऱ्यांना अडवावं आणि फोटो काढावेत: एक लांबून, खोलीचा नंबर दिसेल असा, आणि एक जवळून. मिनिटभराचं काम आहे. त्यानंतरच फरशी पुसायची. आपल्याकडे उलटं होतं. रूमबॉय धावत येऊन आधी पोछा मारतो आणि मग पाणी किती होतं यावर तीन जणांची तीन मतं. टेप नसेल तर टाइल मोजा. दोन फुटी टाइल असेल तर ‘दोन टाइल लांब, एक टाइल रुंद’ हे ‘थोडंसं पाणी’पेक्षा कितीतरी बरं. ‘थोडंसं’ म्हणजे हॉटेलची बाजू, ‘बरंच’ म्हणजे गेस्टची.

वेळ लिहिताना ती कुठून कळली तेही लिहा. सीसीटीव्हीचं घड्याळ मोबाईलशी ताडून पाहा, बहुतेक ठिकाणी ते पुढे-मागे असतंच. रेकॉर्डिंग त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं.

आता लिहिण्याचं मुख्य काम. माझी सवय अशी आहे: कच्चं लिहून झालं की ‘तरी’, ‘मुळे’, ‘म्हणून’ आणि ‘च’ या चारांना पेन्सिलनं गोल करायचा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य तोडून पाहायचं. ‘बोर्ड होता तरी पडल्या’ याची दोन वाक्यं होतात. ‘पिवळा बोर्ड जिन्याजवळ होता, पडल्याच्या जागेपासून सुमारे 6 मीटरवर. त्या जागी बोर्ड नव्हता.’ तोडल्यावर दुसरं वाक्य आपोआप बाहेर आलं ना? ते ‘तरी’खाली दबलं होतं.

‘मुळे’चा घोटाळा याहून वाईट. 203 च्या दाराशी ओली छत्री होती आणि टोकाची खिडकीही उघडी होती. ‘छत्रीच्या पाण्यामुळे’ लिहिलंत तर दुसऱ्या गेस्टवर आळ, ‘खिडकीमुळे’ लिहिलंत तर मेंटेनन्सवर. पाणी कुठून आलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, मग दोन्ही वस्तू जिथे होत्या तिथे नोंदवा आणि त्यांना जोडू नका. पण यातली एक गाळलीत तर तेही दोष देणंच झालं, फक्त न बोलता. तसंच चपलांचं. गेस्टची चप्पल लिहायची असेल तर शेवटचा पोछा कधी मारला तेही लिहा.

‘पुसायचं राहून गेलं’ हेही टाळा, त्यात हाउसकीपिंगवर ठपका येतो. ‘हाउसकीपिंगच्या तक्त्यात शेवटची नोंद 8.15 ची आहे’ एवढं पुरे.

दुखापतीला नाव देणं डॉक्टरांचं काम. एक्स-रे होईपर्यंत ‘फ्रॅक्चर’ही नाही आणि ‘किरकोळ’ही नाही. दिसलं ते एका वाक्यात, त्या म्हणाल्या ते दुसऱ्या वाक्यात.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत घ्या. बाई कन्नडमध्ये ‘जारि बिद्दे, नीरु इत्तु’ म्हणाल्या असतील तर तेच शब्द लिहून पुढे मराठी अर्थ द्या. त्या म्हणाल्या ‘घसरून पडले, पाणी होतं’. अर्थ देणाऱ्यानं मध्येच ‘पाण्यामुळे’ घातलं की त्या न म्हणालेली गोष्ट त्यांच्या नावावर चढते. हाच कागद पुढे विम्यासाठी इंग्रजीत किंवा चौकीत कन्नडमध्ये गेला की असा घातलेला शब्द आणखी पक्का होतो. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. ‘हॉटेलची जबाबदारी नाही’ अशा ओळीखाली दुखऱ्या हाताची सही मात्र घेऊ नका.

हे सगळं जमवून रिपोर्ट असा होतो:

‘18 जुलै, रात्री सुमारे 9.40. दुसरा मजला, खोली 204 समोर. रूमबॉय जिन्यात असताना त्याने आवाज ऐकला व तो वर गेला. सीसीटीव्हीत तो 9.46 ला वर जाताना दिसतो. ते घड्याळ 6 मिनिटे पुढे आहे. 204 चे दार कॅमेऱ्यात येत नाही. पडताना कोणी पाहिलेले नाही.

मी 9.43 ला पोहोचलो. गेस्ट भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन टाइल लांब, एक टाइल रुंद पाणी होते (टाइल 2 फूट). दोन्ही ट्यूबलाइट चालू होत्या. टोकाची खिडकी वीतभर उघडी होती, बाहेर पाऊस होता. 203 च्या दाराशी ओली छत्री होती. पिवळा बोर्ड जिन्याजवळ होता, सुमारे 6 मीटरवर. 204 समोर बोर्ड नव्हता. हाउसकीपिंग तक्त्यात शेवटची नोंद 8.15 ची आहे. गेस्टच्या पायात रबरी चपला होत्या, चपलांचे तळवे ओले होते. पाणी कुठून आले ते कोणी पाहिलेले नाही.

गेस्टचे शब्द: “जारि बिद्दे, नीरु इत्तु” (घसरून पडले, पाणी होतं). उजव्या मनगटाला सूज दिसली. हात हलवताना दुखते असे त्यांनी सांगितले. 9.50 ला कापडात गुंडाळून बर्फ दिला. 10.05 ला हॉटेलच्या गाडीने दवाखान्यात नेले, सोबत रूमबॉय. फोटो 4, पुसण्यापूर्वीचे.’

खाली नाव, हुद्दा, सही आणि लिहिल्याची वेळ. रूमबॉयचं म्हणणं वेगळ्या कागदावर, त्यानं स्वतः लिहिलेलं. तुमचा रिपोर्ट वाचायला देऊन मग लिहून घेतलंत तर तो तुमचीच वाक्यं उतरवेल. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर नको. दुसऱ्या दिवशी एक्स-रेचा निकाल कळला तर तो वरच्या मजकुरात न घुसवता खाली तारीख-वेळ घालून जोडा. आणि खिडकीची कडी बदलायची आहे, हे मेंटेनन्सच्या वहीत लिहा.