तेलाचे तीन डबे आणि नवा मेनू: कॅन्टीनमधलं एक भाषण कसं बांधलं

कॅन्टीन मॅनेजर म्हणून नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्याला हे काम कधी ना कधी येतंच. वरून निरोप येतो की जेवण आरोग्याच्या दृष्टीने सुधारा, आणि कर्मचाऱ्यांना तसं सांगायचं काम तुमच्याकडे येतं. मेनू प्लॅनिंग अभ्यासक्रमात शिकवतात. पण रोज आपल्या हातचं जेवणाऱ्या माणसांसमोर उभं राहून त्यांच्या ताटात काय बदलणार, हे सांगायला कुणी शिकवत नाही. पुण्याजवळच्या एका खासगी कार्यालयात, दुपारी साधारण ३०० माणसं जेवतात अशा कॅन्टीनमध्ये मी हे भाषण केलं. ते कसं बांधलं ते सांगतो.

भाषणाची तयारी मी स्टॉक रजिस्टरपासून सुरू केली. दुपारच्या जेवणाला आठवड्याला तेलाचे १५ किलोचे तीन डबे जात होते, म्हणजे ४५ किलो. पाच दिवसांत वाटले तर रोज ९ किलो, आणि ३०० ताटांत वाटले तर माणशी ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेलं आहे. आमच्या एका जेवणातच त्याहून जास्त खर्च होत होतं. यातलं थोडं भांड्याला चिकटून राहतं, थोडं उरलेल्या रश्श्याबरोबर वाया जातं, त्यामुळे पोटात जाणारं तेल याहून काहीसं कमी असणार. हा फरक स्वतःला माहीत हवा. कारण श्रोत्यांत एखादा हिशोबी माणूस असतोच आणि तो नेमकं हेच विचारतो.

मग सकाळी आचाऱ्यांच्या शेजारी उभा राहून तेल कुठे जातं ते पाहिलं. फोडणीत जातं त्यापेक्षा जास्त दोन ठिकाणी जात होतं. फ्लॉवर, बटाटा, वांगी आधी तळून घेत, आणि रश्श्यावर जाड तवंग ठेवत. ही आचाऱ्यांची हौस नव्हती. भाजी साडेअकराला तयार व्हायची आणि शेवटचं ताट दोनला वाढलं जायचं. तळलेली भाजी गरम पाण्याच्या ट्रेमध्ये अडीच तास टिकते, तिचा लगदा होत नाही. तवंग असला की रस्सा गरम राहतो आणि वर साय धरत नाही. म्हणजे तेलाचा अर्धा प्रश्न वेळेचा होता. भाजी सव्वाबारा आणि सव्वाला अशी दोन खेपांत केली, तर तळायची गरजच उरत नाही. नवीन मॅनेजरने ही गोष्ट भाषणाच्या आधी सोडवायला हवी. ‘तेल कमी’ असं जाहीर केलं आणि आचाऱ्यांचं वेळापत्रक तेच राहिलं, तर पहिल्याच आठवड्यात दीड वाजता जेवायला येणाऱ्यांच्या ताटात लगदा पडतो, आणि त्यानंतर कुणी तुमचं ऐकत नाही.

वारांची मांडणीही स्वयंपाकघराच्या सोयीनेच ठरते. मोड आलेल्या मटकीची उसळ सोमवारी ठेवायची इच्छा सगळ्यांनाच होते, पण मटकी आठ-दहा तास भिजायला हवी आणि मग रात्रभर फडक्यात बांधून ठेवायला हवी. रविवारी कॅन्टीन बंद असतं, तेव्हा ते कोण करणार? म्हणून उसळ गुरुवारी नेली. सोमवारी वरण-भात, कोशिंबीर आणि लाल भोपळ्यासारखी चिरायला सोपी भाजी ठेवली. पालेभाजी शुक्रवारी, कारण ३०० माणसांची मेथी निवडायला आदल्या दुपारपासून हात लागतात. मंगळवारी ज्वारीची भाकरी आणि पिठलं. बुधवारी मिसळ होतीच, ती हलवली नाही.

भाषण सभागृहात ठेवू नये, आणि जेवणाच्या आधी तर मुळीच नाही. भुकेल्या माणसाला बदलाची बातमी सांगितली की तो फक्त काय जाणार एवढंच ऐकतो. मी दुपारी चारचा चहा निवडला, जागा कॅन्टीनचीच. टेबलावर तेलाचे तीन रिकामे डबे ठेवले आणि बाजूला नव्या पद्धतीने केलेल्या दोन भाज्या चाखायला. एचआर विभागाने हृदयविकार आणि मधुमेहाच्या स्लाइड दाखवायचं सुचवलं होतं. मी नको म्हणालो. सहकाऱ्यांच्या देखत कुणाच्या पोटावर, साखरेवर किंवा ब्लड प्रेशरवर बोट ठेवलं, आडून का होईना, की तो माणूस दुखावतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरून डबा आणतो.

भाषण साधारण असं झालं:

“मंडळी, चहा घेत घेतच ऐका, दहा मिनिटांत संपवतो. आधी काय बदलणार नाही ते सांगतो. बुधवारची मिसळ बुधवारीच मिळेल. शुक्रवारी सकाळचा बटाटेवडा राहील. कुपनाचा दर तोच राहील. पोळी आणि भात आजच्यासारखाच, हवा तेवढा मिळेल.

आता बदल. हे तीन डबे तुम्ही बघताय. आपल्या दुपारच्या जेवणाला आठवड्याला एवढं तेल लागतं. माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे साधारण सहा-सात छोटे चमचे. सोमवारपासून आम्ही हे दोन डब्यांवर आणणार आहोत. भाजी आधी तळायची नाही, वाफवून फोडणीत टाकायची. वाटणाचा कांदा आणि खोबरं तेलात न परतता कोरडं भाजायचं. भाजी दोनदा करायची, म्हणजे उशिरा येणाऱ्यांनाही ताजी मिळेल.

चवीत फरक पडेल. फ्लॉवर-बटाट्याला कडेने जो खरपूसपणा असायचा तो आता नसेल. रश्श्यावर लाल तवंग दिसणार नाही. तिखटाला मात्र आम्ही हात लावलेला नाही, मसाला आहे तेवढाच आहे. आणि पहिला महिना मिठालाही हात लावणार नाही. पापड आणि लोणचं आता ताटात आपोआप वाढलं जाणार नाही, काउंटरच्या शेवटी ठेवलेलं असेल, ज्यांना हवं त्यांनी घ्यावं.

चार आठवडे हा मेनू चालेल. रोज कोणती भाजी किती उरली ते वजन करून फळ्यावर लिहू. चार आठवड्यांनी कॅन्टीन समितीची बैठक होईल आणि जे चाललं नाही ते बदलू. आता विचारा.”

मीठ आणि तेल एकदम कमी करायचं नाही, हे मुद्दाम सांगतो. दोन्ही एकाच आठवड्यात कमी केली की जेवण अळणी लागतं, आणि ‘दवाखान्यातलं जेवण’ हे नाव एकदा चिकटलं की पुसता येत नाही. तेल कमी झाल्यावर चव भरून काढायला आंबटपणा आणि वास कामाला येतात: आमटीत आमसूल, भाजीवर लिंबू, वाढायच्या वेळी टाकलेली कोथिंबीर. मिठाकडे नंतर वळावं आणि तेही थोडं थोडं. जीभ काही आठवड्यांत रुळते.

पहिला प्रश्न अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठांचा आला. “घरी तेल मोजूनच मिळतं हो. इथे तरी सुखाने खाऊ द्या.” सगळे हसले. मी म्हणालो, “काका, मिसळीची तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवतोय. तुमच्या हाताने घ्या, कुणी अडवणार नाही.” हे उत्तर केवळ त्यांची समजूत घालायला दिलेलं नव्हतं. तर्री वेगळी ठेवली की बरेच जण एका पळीवर थांबतात, कारण किती तेल घेतोय ते डोळ्यांना दिसतं. वरून ओतलेली असली की सगळ्यांना तेवढीच खावी लागते.

एका ताईंनी विचारलं, “भाकरी सगळ्यांना मिळेल का?” इथे ‘हो’ म्हणायचा मोह होतो. पण एक बाई दोन शेगड्यांवर तासाला चाळीसएक भाकऱ्या करते, आणि आमच्याकडे भाकरीला दोनच बायका होत्या. सकाळी लवकर करून ठेवल्या तर एक वाजेपर्यंत त्या कडक होतात. उकड काढून केलेल्या जरा जास्त वेळ मऊ राहतात, तरी गरम भाकरीची सर येत नाही. म्हणून स्पष्ट सांगितलं, “नाही ताई. भाकरी संपली की पोळी मिळेल. मागणी किती येते ते पाहून आणखी एक बाई मागू.”

सगळ्यात टोकदार प्रश्न मागून आला. “आठवड्याला एक डबा तेल वाचणार. ते पैसे कुणाच्या खिशात?”

या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर भाषणच करू नये, असं माझं ठाम मत आहे. आरोग्याच्या नावाखाली खर्च कापतात, हा संशय प्रत्येक कॅन्टीनमध्ये असतो आणि पुष्कळदा तो खराही निघतो. दर तोच ठेवून तेल, भाजी, डाळ सगळंच बारीक करत नेणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. म्हणून मी आधीच ठेकेदार आणि प्रशासन या दोघांकडून लेखी घेतलं होतं की वाचलेल्या डब्याच्या पैशांतून आठवड्याचे दोन दिवस प्रत्येकाला ताक आणि एक दिवस फळ मिळेल. तो कागद वाचून दाखवला आणि फळ्याशेजारी लावला. माझ्या बाकीच्या बोलण्याने झालं नाही ते त्या कागदाने झालं. मागच्या बाकांवरून पुढचा प्रश्न आला तो ताक कोणत्या वारी मिळणार, असा.

भाषणानंतर काय पाहायचं? ताटात टाकलेलं आणि ट्रेमध्ये उरलेलं ही दोन वजनं वेगवेगळी घ्या. ट्रेमध्ये भाजी उरली तर लोकांनी ती घेतलीच नाही. नाव किंवा रूप आवडलं नाही. ताटात उरली तर घेतली, पण चव आवडली नाही. दोन्हींवर उपाय वेगळे असतात. आमच्याकडे दुधी ट्रेमध्येच राहायचा, चाखायलाही कुणी तयार नसे. वाफवलेला फ्लॉवर मात्र लोक घ्यायचे आणि अर्धा टाकायचे, कारण सव्वाच्या खेपेला तो जास्त शिजत होता. आचाऱ्यांनी वाफेवरचा वेळ कमी केला आणि ते वजन उतरलं. टेबलांवर घरून आणलेल्या लोणच्याच्या बाटल्या दिसायला लागल्या, तर आंबट-तिखट कमी पडतंय असं समजावं. फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर आपली माणसं वाढली आहेत का, हेही आठवड्यातून एकदा जाऊन पाहावं.

चार आठवड्यांनी समिती बसली तेव्हा तेल दोन डबे आणि वर काही किलो इतकं लागत होतं, आणि बैठकीत तो आकडा तसाच सांगितला. मेनूतून दुधी काढून तिथे पडवळाची डाळ घालून भाजी ठेवली. लोणचं काउंटरच्या टोकालाच राहिलं. मंगळवारी भाकरी पाऊणलाच संपते हे फळ्यावरच्या नोंदींवरून दाखवता आलं, आणि प्रशासनाने तिसऱ्या बाईला मंजुरी दिली.